सापळ्यात पतंग किती आणि मोबाईल सांगतो किती? प्रिसिजन, रिकॉल आणि एमएपीचं गणित

कौंडण्यपूर म्हटलं की रुक्मिणीचं माहेर आठवतं, वर्धा नदीचा काठ आठवतो आणि तिथून पंढरपूरला जाणारी पालखी आठवते. पण अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यातल्या या गावाच्या शिवारात पावसाळा उतरला की दुसराच प्रश्न चर्चेत असतो. पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी आली का? आणि आली असेल तर फवारणी आजच करायची की अजून थांबायचं?

हा प्रश्न वऱ्हाडात हलक्यात घेतला जात नाही. 2017 च्या हंगामात विदर्भातल्या कपाशीवर गुलाबी बोंडअळी तुटून पडली होती. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. म्हणजे फवारणी चुकली तरी नुकसान आणि गरज नसताना केली तरी नुकसान. दुसऱ्या नुकसानीत तर फवारणाऱ्या माणसाचा जीवही पणाला लागतो.

या निर्णयात गेल्या काही वर्षांपासून मोबाईलही आला आहे. मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने 'कॉटनएस' नावाचं ॲप तयार केलं. सापळ्यात अडकलेल्या पतंगांचा फोटो काढायचा, ॲप त्यातले बोंडअळीचे पतंग शोधतं, मोजतं आणि आकड्यावरून सल्ला देतं. या कामावरचा त्यांचा शोधनिबंध 2020 मध्ये केडीडी या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडला गेला. फोटोतली एखादी वस्तू शोधून तिच्याभोवती चौकट काढणाऱ्या अशा प्रणालीला 'ऑब्जेक्ट डिटेक्टर' म्हणतात.

असा डिटेक्टर चांगला आहे की वाईट, हे ठरवायचं कसं? "आमचं मॉडेल 95 टक्के अचूक आहे" अशी वाक्यं जाहिरातीत खूप दिसतात. डिटेक्टरच्या बाबतीत या वाक्यातून जवळपास काहीच कळत नाही. का, ते कपाशीच्या वावरातूनच बघू.

आधी सापळा समजून घेऊ

वावरात जे सापळे लावतात त्यांना कामगंध सापळे म्हणतात. त्यात एक ल्यूर असते, म्हणजे मादी पतंगाच्या वासासारखा वास सोडणारी छोटी वडी. त्या वासाने नर पतंग येतात आणि अडकतात. हेक्टरी साधारण पाच सापळे लावायची शिफारस आहे. सापळा स्वतः काही अळी मारत नाही. बोंडात अळी शिरली की ती बाहेरून दिसत नाही, म्हणून पतंगांच्या संख्येवरून अंदाज घ्यायचा, असा त्यामागचा विचार.

अंदाजाचा नियमही ठरलेला आहे. एका सापळ्यात एका रात्रीत 8 किंवा त्याहून जास्त पतंग, आणि असं सलग तीन रात्री झालं, तर गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असं धरतात. हा 8 चा आकडा आणि 'सलग तीन रात्री' ही अट लक्षात ठेवा. पुढचं सगळं गणित त्यांच्याभोवती फिरतं.

सकाळी सापळा रिकामा करून पतंग पांढऱ्या कागदावर पसरवले आणि फोटो काढला, असं समजा. कागदावर काय काय असतं? गुलाबी बोंडअळीचे जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे राखाडी-तपकिरी पतंग. काहींचे पंख तुटलेले, काही एकमेकांवर पडलेले. सोबत एखादं पाखरू, भुंगा, वाळक्या पानाचा तुकडा, मातीचा खडा. डिटेक्टरला यातून फक्त पतंग निवडायचे आहेत.

डिटेक्टर 'हो-नाही' सांगत नाही

डिटेक्टर फोटोवर चौकटी काढतो आणि प्रत्येक चौकटीला एक आकडा देतो. 0 ते 1 मधला. "इथे पतंग आहे, खात्री 0.97." "इथेही आहे बहुतेक, खात्री 0.29." या आकड्याला कॉन्फिडन्स म्हणतात.

आता किती खात्री असेल तर पतंग मोजायचा, हे माणसाने ठरवायचं असतं. ती रेघ म्हणजे कॉन्फिडन्स थ्रेशोल्ड, सोप्या भाषेत उंबरठा. उंबरठ्याच्या वरच्या चौकटी मोजायच्या, खालच्या सोडून द्यायच्या. एकच मॉडेल, एकच फोटो, पण उंबरठा हलवला की पतंगांची संख्या बदलते. ॲप वापरणाऱ्याला हा उंबरठा सहसा दिसतही नाही. कुणीतरी कधीतरी तो 0.5 वर ठेवलेला असतो आणि तो तसाच चालत राहतो.

इथे एक गैरसमज होतो. 0.7 खात्री म्हणजे 'शंभरातल्या सत्तर वेळा बरोबर' असं वाटतं. तसं असेलच असं नाही. हा मॉडेलचा स्वतःबद्दलचा अंदाज आहे, आणि काही मॉडेल्सना स्वतःबद्दल जरा जास्तच भरवसा असतो. त्यामुळे एका मॉडेलचा 0.5 आणि दुसऱ्याचा 0.5 यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

चौकट बरोबर कधी म्हणायची?

तपासणीसाठी आधी माणसाने त्याच फोटोवर हाताने चौकटी काढून ठेवलेल्या असतात. मग मॉडेलची चौकट आणि माणसाची चौकट एकमेकींवर ठेवून बघतात. दोघींचा सामाईक भाग भागिले दोघींनी मिळून व्यापलेली एकूण जागा. याला आयओयू म्हणतात. चौकटी तंतोतंत जुळल्या तर 1, अजिबात भिडल्या नाहीत तर 0.

आयओयू 0.5 च्या वर असेल तर चौकट बरोबर, हा जुना आणि सर्वात प्रचलित निकष. 2005 ते 2012 या काळात चाललेल्या पास्कल व्हीओसी या स्पर्धेने तो रूढ केला. आपल्या कामाला तो पुरेसा आहे, कारण शेतकऱ्याला पतंगाची मिशी चौकटीत आली का याच्याशी देणंघेणं नाही. त्याला संख्या हवी आहे.

एक अट मात्र कडक असते. एका खऱ्या पतंगाला एकच चौकट बरोबर धरली जाते. त्याच पतंगावर मॉडेलने दुसरी चौकट काढली तर ती चूक. नाहीतर एका पतंगाचे तीन करून मॉडेल शाबासकी घेऊन गेलं असतं.

प्रिसिजन आणि रिकॉल

आता एक हिशोब करू. समजा कौंडण्यपूरच्या एका वावरात सापळ्यात रात्रीतून खरोखर 10 पतंग पडले. (हा आणि पुढचे हिशोब समजावून सांगण्यासाठी रचलेले आहेत.) मॉडेलने एकूण 13 चौकटी काढल्या. खात्रीच्या उतरत्या क्रमाने लावल्या तर चित्र असं दिसतं:

| क्रम | खात्री | प्रत्यक्षात |
|---|---|---|
| 1 | 0.97 | पतंग |
| 2 | 0.94 | पतंग |
| 3 | 0.91 | पतंग |
| 4 | 0.86 | पतंग |
| 5 | 0.79 | भुंगा |
| 6 | 0.72 | पतंग |
| 7 | 0.64 | पतंग |
| 8 | 0.55 | आधीच्याच पतंगावर दुसरी चौकट |
| 9 | 0.48 | पतंग |
| 10 | 0.37 | पतंग |
| 11 | 0.29 | पानाचा तुकडा |
| 12 | 0.21 | खडा |
| 13 | 0.14 | पतंग |

दहापैकी नऊ पतंग यादीत कुठे ना कुठे आले. दहावा मॉडेलला दिसलाच नाही.

उंबरठा 0.9 वर ठेवू. तीनच चौकटी उरल्या आणि तिन्ही पतंगच. मॉडेलने जे 'पतंग' म्हटलं त्यातलं खरं किती? शंभर टक्के. हे झालं प्रिसिजन. पण खऱ्या दहा पतंगांपैकी सापडले किती? तीन, म्हणजे 30 टक्के. हे झालं रिकॉल. जे बोलतो ते खरं, पण बोलतो फार कमी, अशी या मॉडेलची गत.

आता उंबरठा 0.1 वर आणा. सगळ्या 13 चौकटी आल्या, त्यात 9 पतंग. प्रिसिजन 69 टक्क्यांवर घसरलं, रिकॉल 90 टक्क्यांवर चढलं.

मधे 0.6 वर ठेवला तर 7 चौकटी, त्यातले 6 पतंग. प्रिसिजन 86 टक्के, रिकॉल 60. आणि 0.35 वर ठेवला तर 10 चौकटी, 8 पतंग. दोन्ही 80 टक्के.

साधी 'अचूकता' इथे का चालत नाही, हेही आता लक्षात येईल. अचूकता काढायची तर 'पतंग नव्हता आणि मॉडेलने काढलाही नाही' अशा जागाही मोजाव्या लागतील. कोऱ्या कागदावर अशा जागा किती? हव्या तितक्या. पांढरा कागद बरोबर ओळखल्याचे गुण दिले तर काहीही न शोधणारं मॉडेलही 99 टक्के अचूक निघेल. म्हणून "95 टक्के अचूक" असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा: 95 टक्के काय? प्रिसिजन की रिकॉल, आणि कुठल्या उंबरठ्यावर?

आता त्या 8 च्या आकड्याकडे परत येऊ

वरच्या उदाहरणात उंबरठा 0.6 असताना मॉडेलची मोजणी 7 आली. प्रिसिजन 86 टक्के, म्हणजे कागदावर छान. पण नियम 8 चा आहे. खरे पतंग 10 होते, रात्र धोक्याची होती, आणि मोबाईल म्हणाला 'अजून पातळी ओलांडलेली नाही'.

उंबरठा 0.35 वर आला की मोजणी 10. नेमकी खऱ्या आकड्याइतकी! पण नीट बघा. त्या दहात आठच पतंग आहेत. उरलेल्या दोन जागा एका भुंग्याने आणि एका दुबार चौकटीने भरल्या. दोन पतंग सुटले, दोन भलतेच आले आणि बेरीज जुळली. नुसती बेरीज तपासणारा माणूस याला बरोबर म्हणेल. आज बेरीज जुळली कारण सुटलेले आणि भलतेच सारखे होते. उद्या सापळ्यात आलेल्या भुंग्यांची संख्या वाढली की ती जुळणार नाही. म्हणून संख्या बरोबर येते का हे बघायचंच, पण चौकटी कुठे पडल्या तेही बघायचं.

एमएपी म्हणजे काय?

उंबरठा बदलला की दोन्ही आकडे बदलतात, मग दोन मॉडेल्सची तुलना कशी करायची? एकाचे आकडे 0.5 वर घ्यायचे आणि दुसऱ्याचेही 0.5 वर, हे न्याय्य नाही, ते आपण पाहिलं. त्यावरचा तोडगा असा की उंबरठा निवडायचाच नाही. तो वरून खाली पूर्ण सरकवायचा आणि वाटेत प्रिसिजन-रिकॉलचा जो आलेख तयार होतो, त्याच्याखालचं क्षेत्रफळ घ्यायचं. हे ॲव्हरेज प्रिसिजन.

आपल्या तक्त्यावर ते हातानेही काढता येतं. यादीत वरून खाली यायचं. प्रत्येक खऱ्या पतंगापाशी थांबायचं आणि तोपर्यंतचं प्रिसिजन लिहायचं. पहिल्या चौघांपाशी 1. पाचव्या पतंगापाशी सहापैकी पाच, म्हणजे 0.83. सहाव्यापाशी सातपैकी सहा, 0.86. सातव्यापाशी नऊपैकी सात, 0.78. आठव्यापाशी दहापैकी आठ, 0.80. नवव्यापाशी तेरापैकी नऊ, 0.69. दहावा सापडलाच नाही, त्याचं 0.

एक छोटी रीत अजून पाळतात. यादीत पुढे कुठे प्रिसिजन जास्त असेल तर मागच्यालाही तेच देतात, म्हणजे आलेखातले खाचखळगे भरून निघतात. त्यामुळे 0.83 च्या जागी 0.86 आणि 0.78 च्या जागी 0.80 येतं. दहाही आकड्यांची बेरीज साधारण 8, भागिले 10. ॲव्हरेज प्रिसिजन 0.80.

हे एका प्रकारच्या पतंगाचं झालं. ॲपला अमेरिकन बोंडअळीचा पतंगही ओळखायचा आहे. समजा तिथे ॲव्हरेज प्रिसिजन 0.60 आलं. दोघांची सरासरी 0.70. हेच मीन ॲव्हरेज प्रिसिजन, म्हणजे एमएपी. सरासरीत काय लपतं ते इथेच दिसतं. ज्याला गुलाबी बोंडअळीची चिंता आहे त्याच्यासाठी 0.70 या आकड्याला काही अर्थ नाही. त्याने 0.80 बघावं. त्यामुळे एमएपी वाचताना वर्गवार आकडेही मागावेत.

दुसरी अडचण अशी की एमएपी नावाचे आकडे एकापेक्षा जास्त आहेत. पास्कल व्हीओसीत आयओयू 0.5 पुरेसा असतो. 2014 मध्ये आलेल्या कोको या डेटासेटच्या पद्धतीत मात्र 0.50 पासून 0.95 पर्यंत 0.05 च्या पायऱ्यांनी दहा वेगवेगळ्या निकषांवर हिशोब करून सरासरी काढतात. 0.95 चा निकष म्हणजे चौकट जवळजवळ तंतोतंत हवी. फोटोत जेमतेम काही पिक्सेलचा असलेल्या पतंगासाठी हे फार कठीण. त्यामुळे तेच मॉडेल एका पद्धतीत 0.80 आणि दुसऱ्या पद्धतीत 0.45 सुद्धा दाखवू शकतं. मॉडेल बिघडलेलं नसतं, फूटपट्टी बदललेली असते. पतंग मोजायचे असतील तर 0.5 चा आकडाच जास्त कामाचा. यंत्रमानवाच्या हाताने कापसाचं बोंड वेचायचं असेल तर मात्र चौकट कुठे पडली याला महत्त्व आहे, आणि तिथे कोकोची कडक फूटपट्टी योग्य.

एमएपी मॉडेल निवडायला मदत करतो. उंबरठा कुठे ठेवायचा, याबद्दल तो काहीच सांगत नाही. त्याने तर उंबरठाच हिशोबातून काढून टाकलेला असतो.

मग उंबरठा ठरवायचा कसा?

पद्धत तशी साधी आहे. मॉडेलने शिकताना न पाहिलेले फोटो घ्यायचे. प्रत्येक फोटोतले पतंग जाणकाराने हाताने मोजलेले असले पाहिजेत. मॉडेल एकदाच, अगदी खालच्या उंबरठ्यावर चालवायचं आणि सगळ्या चौकटी खात्रीच्या आकड्यासकट साठवून ठेवायच्या. मग उंबरठा एकेक पायरी सरकवत विचारायचं: माणसाच्या मोजणीने जो निर्णय आला असता, तोच मॉडेलच्या मोजणीने येतो का? प्रिसिजन आणि रिकॉल इथे चौकटींचं न बघता निर्णयाचं बघायचं.

समजा असे 200 फोटो आहेत. हाताच्या मोजणीनुसार त्यातल्या 60 रात्री धोक्याच्या, म्हणजे 8 किंवा जास्त पतंगांच्या, आणि 140 रात्री शांत. तीन उंबरठ्यांवर असं चित्र आलं:

| उंबरठा | धोक्याच्या 60 पैकी ओळखल्या | शांत 140 पैकी खोटा इशारा |
|---|---|---|
| 0.60 | 42 | 2 |
| 0.35 | 54 | 7 |
| 0.15 | 58 | 35 |

पहिल्या नजरेत मधला, 0.35, सगळ्यात समंजस वाटतो. धोक्याच्या 90 टक्के रात्री ओळखल्या आणि खोटे इशारे फक्त 5 टक्के. 0.15 तर नकोच, कारण शांत रात्रींतल्या चौथाई रात्री उगाच घाबरवतो.

पण नियम एका रात्रीचा नाही. सलग तीन रात्रींचा आहे. आणि इथे गणित उलटतं.

समजा खरोखरच बोंडअळी आली आहे आणि तिन्ही रात्री धोक्याच्या आहेत. मोबाईलने इशारा द्यायचा तर तिन्ही रात्री ओळखल्या पाहिजेत. एक जरी सुटली तरी साखळी तुटली. उंबरठा 0.60 असेल तर एक रात्र ओळखण्याची शक्यता 70 टक्के. तिन्ही ओळखण्याची? 0.7 × 0.7 × 0.7, म्हणजे 34 टक्के. तीनपैकी दोन वेळा इशारा वेळेवर येणारच नाही. 0.35 वर हाच आकडा 73 टक्के. 0.15 वर 90 टक्के.

आता खोट्या इशाऱ्यांचं बघा. 0.15 वर एका शांत रात्री खोटा इशारा येण्याची शक्यता 25 टक्के. पण सलग तीन रात्री येण्याची शक्यता दीड टक्का, म्हणजे 64 पैकी एक. 0.35 वर तर ती 8000 पैकी एक.

म्हणजे सलग तीन रात्रींच्या अटीने खोट्या इशाऱ्यांची चाळण आधीच लावून ठेवली आहे. त्याच अटीने सुटणाऱ्या रात्रींची शिक्षा मात्र तिप्पट केली आहे. अशा नियमाला जोडलेल्या डिटेक्टरचा उंबरठा खाली हवा, रिकॉलच्या बाजूला झुकलेला. एका रात्रीचा तक्ता बघून 0.35 किंवा 0.60 निवडणारा माणूस नेमका उलटा निर्णय घेऊन बसेल.

0.60 वाल्या ॲपलाही बोंडअळी दिसेल, पण कदाचित चौथ्या, सहाव्या, आठव्या रात्री, जेव्हा सलग तीन रात्री योगायोगाने ओळखल्या जातील तेव्हा. तोपर्यंत माद्यांनी अंडी घातलेली असतात, आणि अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

इथे एक पण आहे

वरचा गुणाकार एका गृहीतकावर उभा आहे. प्रत्येक रात्रीची चूक स्वतंत्र आहे, आजच्या चुकीचा उद्याच्या चुकीशी संबंध नाही, असं त्यात धरलं आहे. वावरात तसं नसतं.

तोच सापळा, तोच फोन, तोच फोटो काढणारा आणि तोच चुरगळलेला कागद. एखाद्या वावरात पतंगासारखं दिसणारं दुसरं पाखरू रोजच पडत असेल, तर खोटा इशारा सलग तिन्ही रात्री येईल. 64 पैकी एक हा दिलासा तिथे लागू होत नाही. तसंच फोनचा कॅमेराच धूसर असेल तर तिन्ही रात्री पतंग सुटतील.

हे ओळखायचं कसं? एकट्या फोटोंवर तपासणी न करता एकाच वावराच्या सलग रात्रींच्या मालिकांवर करायची. वर काढलेले 34, 73, 90 टक्के प्रत्यक्ष मालिकांवर किती भरतात ते बघायचं. आणि तपासणीचे फोटो वेगळ्या वावरांतले, वेगळ्या फोनवरचे असले पाहिजेत. एकाच सापळ्याचे सोमवारचे फोटो शिकवायला आणि मंगळवारचे तपासायला वापरले तर आकडे सुंदर येतात. मॉडेलने तो कागद आणि तो उजेड पाठ केलेला असतो, एवढंच त्यामागचं कारण.

खोट्या इशाऱ्यावर शेतकऱ्याच्या हातात दुसरा उपायही आहे. वावरातून फिरून 20 हिरवी बोंडं तोडायची आणि फोडून बघायची. दोन किंवा जास्त बोंडांत अळी किंवा तिची खूण दिसली, म्हणजे 10 टक्के, तर तीही नुकसानीची पातळी मानली जाते. मोबाईलने इशारा दिला म्हणून थेट पंप पाठीवर न घेता आधी बोंडं फोडली, तर खालच्या उंबरठ्याची किंमत फक्त तासाभराची मेहनत राहते. ज्या ॲपच्या इशाऱ्यावर थेट औषधाची ऑर्डर जाणार असेल, तिथे मात्र उंबरठा इतका खाली ठेवणं धोक्याचं.

हंगाम बदलला की आकडे बदलतात

प्रिसिजनबद्दल अजून एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. ते मॉडेलइतकंच वावरातल्या परिस्थितीवरही अवलंबून असतं. समजा मॉडेल प्रत्येक फोटोत सरासरी दोन भलत्या गोष्टींना पतंग म्हणतं आणि खऱ्यांपैकी 80 टक्के शोधतं. हंगामाच्या शेवटी सापळ्यात 20 पतंग असतात. 16 सापडले, 2 भलते, प्रिसिजन 89 टक्के. हंगामाच्या सुरुवातीला सापळ्यात एकच पतंग असतो. तो सापडला तरी 2 भलते सोबत आहेत, म्हणजे प्रिसिजन 33 टक्के. मॉडेल तेच, रिकॉलही साधारण तेवढंच.

म्हणून तपासणीच्या फोटोंत फक्त भरलेले सापळे नकोत. रिकामे कागदही हवेत, एकही पतंग नसलेले. प्रत्यक्ष हंगामात जितके रिकामे असतात, साधारण त्याच प्रमाणात. नुसते गच्च भरलेले फोटो घेऊन काढलेलं प्रिसिजन पहिल्याच महिन्यात खोटं ठरतं.

गच्च भरलेल्या फोटोंची अडचण वेगळी. पतंग एकमेकांवर पडले की डिटेक्टर दोघांना एकच समजू शकतो. एकाच पतंगावरच्या दुबार चौकटी काढून टाकण्यासाठी जी पायरी असते, तिला एनएमएस म्हणतात, ती फार भिडलेल्या दोन चौकटींपैकी कमी खात्रीची चौकट पुसते. दोन खरे पतंग एकमेकांवर असतील तर त्यातला एक तिथे हकनाक जातो. ही चूक कॉन्फिडन्सचा उंबरठा खाली आणून सुधारत नाही, कारण चौकट उंबरठ्याने नाही, एनएमएसने पुसलेली असते. मॉडेलची मोजणी 30-40 पतंगांच्या पुढे खऱ्या आकड्यापेक्षा सतत कमी येत असेल तर संशय इथे घ्यायचा. यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे फोटो काढण्याआधी पतंग काडीने अलग करणं. तसंही 8 च्या नियमासाठी 30 होते की 40, याने निर्णय बदलत नाही. निर्णय बदलतो तो 6 ते 10 च्या टप्प्यात, आणि तपासणीत सर्वात जास्त फोटो याच टप्प्यातले असायला हवेत.

आणि सापळा रोज रिकामा केला नाही, कालचे पतंग आजच्या कागदावर आले, तर मोबाईलने शंभर टक्के बरोबर मोजूनही निर्णय चुकेल. ती चूक ना प्रिसिजनमध्ये दिसते, ना रिकॉलमध्ये, ना एमएपीत.